एक पुस्तक, तीन भावंडे

एकाच पाठ्यपुस्तकावर तीन भावंडांनी अभ्यास करायचा म्हटले की बहुतेक घरांत पुस्तकाचे तास वाटले जातात: सात ते आठ एकाचे, आठ ते नऊ दुसऱ्याचे, नऊ ते दहा तिसऱ्याचे. ही वाटणी न्याय्य दिसते आणि महिनाभरात मोडते. पहिल्याला पुस्तक मिळते तेव्हा घर जागे असते आणि डोळेही. तिसऱ्याला मिळते तेव्हा तो पेंगत असतो. शिवाय एकाच्या हातात पुस्तक असताना उरलेले दोघे वाट पाहत बसतात. तीन तास घर अभ्यासाला बसलेले दिसते, पण प्रत्यक्षात प्रत्येकाचा अभ्यास तासाभराचाच होतो. अडचण पुस्तक एक असण्याची कमी आणि पुस्तक हातात नसताना काय करायचे हे ठरलेले नसण्याची जास्त असते. आळीपाळीची खरी योजना पुस्तकाचे तास वाटत नाही, ती पुस्तकाविना जाणाऱ्या वेळेला काम देते.

महाराष्ट्रात ही वेळ बहुधा नववी-दहावीत येते, आणि त्याला कारण आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा या वयापुरताच आहे. नववीपासून पुस्तके विकत घ्यावी लागतात. बालभारतीची पुस्तके खासगी प्रकाशनांच्या मानाने स्वस्त असतात हे खरे. पण दहावीला ती संचाने लागतात. गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, तीन भाषा, इतिहास, भूगोल, आणि त्यांच्या बरोबरीने वह्या, प्रयोगवही, परीक्षेचे शुल्क. एका घरातून दोघे-तिघे एकाच वर्षी दहावीला असतील तर प्रत्येकी संच घेण्याऐवजी घर एक संच घेते.

दोघे-तिघे एकाच वर्षी दहावीला कसे असतील, असा प्रश्न पडू शकतो. जुळी भावंडे हे एक कारण. पण लहान गावांत त्याहून जास्त दिसणारी दोन कारणे आहेत: एकत्र कुटुंबातली सारख्या वयाची चुलत-मावस भावंडे, आणि विज्ञान किंवा गणित राहिल्यामुळे पुन्हा परीक्षेला बसणारा थोरला भाऊ. पुढचे उदाहरण अशाच घराचे आहे. ते कुठल्या एका कुटुंबाचे वर्णन नाही. योजना कशी चालते आणि कुठे अडते हे दाखवण्यासाठी ते रचलेले आहे.

सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढा. तालुक्याचे गाव, भोवती ज्वारीची काळी शिवारे. घरातली मुलगी दहावी 'अ' तुकडीत. तिची चुलत बहीण त्याच शाळेत, पण 'ब' तुकडीत. थोरला भाऊ गेल्या वर्षी विज्ञानात राहिला. दिवसा तो हार्डवेअरच्या दुकानात काम करतो आणि रात्री साडेआठला घरी येतो. विज्ञान भाग १ हे पुस्तक घरात एकच आहे.

सुरुवातीला या घरातही तासांची वाटणी झाली आणि तिची फजिती आठवडाभरात दिसली. मुलीचा तास संध्याकाळी सातचा ठरला होता, म्हणजे नेमका भाकरी थापण्याचा. पुस्तक तिच्या नावावर, ती चुलीपुढे आणि पुस्तक फळीवर. चुलत बहीण आठला बसायची. पण दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा असली की तिला नऊनंतरही पुस्तक हवे असे, आणि तिथे दादाशी भांडण. दादा रात्री दहाला पुस्तक उघडून दोन पाने वाचत असे आणि हे आपल्याला येतेच म्हणून मिटत असे. गेल्या वर्षीही त्याला असेच वाटले होते. दोघी बहिणी आपल्या तासात मिळेल तेवढे वहीत उतरवून घेत. मुलीच्या वहीत आठवड्याला चौदा पाने भरली, तरी त्यातले काहीही न बघता सांगता येईना.

हे उतरवून घेणे ओळखून टाकायला हवे, कारण एका पुस्तकावर चालणाऱ्या अभ्यासाचा तो सर्वांत मोठा सापळा आहे. पुस्तक हातून जाणार या भीतीने मूल ते साठवू पाहते. हात चालतो, पान भरते आणि अभ्यास झाल्याचे समाधान मिळते. ओळीमागून ओळ नकलताना आशयाकडे फारसे लक्ष द्यावे लागत नाही. वही उघडून पाहिली की लगेच कळते: वाक्ये पुस्तकातलीच, विरामचिन्हांसकट तशीच आणि खाडाखोड जवळजवळ नाही. स्वतः आठवून लिहिलेल्या पानावर खाडाखोड असते, बाण असतात, मध्येच सोडलेली जागा असते.

नवी योजना तीन दिवसांच्या फेरीची. प्रत्येकाला लागोपाठ तीन दिवसांत तीन वेगळी कामे: पहिल्या दिवशी वाचणे, दुसऱ्या दिवशी न बघता आठवून लिहिणे, तिसऱ्या दिवशी प्रश्न आणि उदाहरणे सोडवणे. तिघांची फेरी एकेका दिवसाने पुढे सरकलेली असते, त्यामुळे कोणत्याही रात्री एक जण वाचत असतो, एक आठवत असतो आणि एक सोडवत असतो. पुस्तक लागते ते फक्त वाचणाऱ्याला.

वेळ रात्री नऊ ते दहा, जेवणे झाल्यावर. नऊ ते नऊ चाळीस पुस्तक वाचणाऱ्याकडे. याच चाळीस मिनिटांत दुसरा कोऱ्या कागदावर आठवून लिहितो आणि तिसरा उदाहरणे सोडवतो. नऊ चाळीसला पुस्तक आठवणाऱ्याकडे जाते. त्याने लिहिलेले दहा मिनिटांत ताडून पाहायचे आणि चुकले ते लाल पेनाने दुरुस्त करायचे. नऊ पन्नासला ते सोडवणाऱ्याकडे जाते, त्यालाही ताडण्यासाठी दहा मिनिटे. सोमवारी मुलगी वाचते, मंगळवारी चुलत बहीण, बुधवारी दादा, आणि गुरुवारपासून पुन्हा तोच क्रम. हिशेब सरळ आहे. सहा दिवसांत प्रत्येकाला दोनदा चाळीस मिनिटे वाचन आणि चारदा दहा मिनिटे ताडणी, म्हणजे आठवड्याला दोन तास पुस्तक मिळते. अभ्यास मात्र सहा तासांच्या जवळपास होतो, कारण पुस्तक दुसऱ्याकडे असतानाचा वेळ आता वाट पाहण्यात जात नाही.

'उष्णता' या धड्यावर मुलीची एक फेरी पाहिली की प्रत्येक दिवसाचे काम स्पष्ट होते. सोमवारी तिने अप्रकट उष्म्याचा भाग वाचला. बर्फ तापवत गेले तर शून्य अंशाला तापमान थबकते. दिलेली उष्णता बर्फ वितळण्यात खर्च होते आणि सगळा बर्फ वितळल्याशिवाय पारा वर चढत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. पुढे पाणी शंभर अंशाला पोचले की पुन्हा तसेच, आणि तिथे एका ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी. पहिली पस्तीस मिनिटे वाचायची, लिहायचे काही नाही. शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोष्टी उतरवून घ्यायच्या: वाचलेल्या भागावर स्वतः केलेले चार-पाच प्रश्न, आणि पुस्तकातली किंवा पुस्तकासारखी दोन उदाहरणे. उत्तर मात्र लिहून घ्यायचे नाही. दहावी विज्ञानाच्या स्वाध्यायात गणिती उदाहरणांखाली उत्तर छापलेले असते. ते वहीत आले की बुधवारची मेहनत त्या आकड्यापर्यंत कसे पोचायचे एवढ्यापुरतीच उरते.

मंगळवारी पुस्तक चुलत बहिणीकडे. मुलीने आपल्या प्रश्नांची चिठ्ठी समोर ठेवली आणि न बघता उत्तरे लिहिली. तापमान आणि वेळ यांचा आलेखही काढला: उणे अंशांपासून शंभराच्या पुढेपर्यंत एक तिरकी, सरळ चढणारी रेघ. नऊ चाळीसला पुस्तक हाती आले तेव्हा दिसले की खऱ्या आलेखात दोन सपाट पायऱ्या आहेत, शून्यावर एक आणि शंभरावर एक. सोमवारी ही आकृती तिने पाहिली होती आणि कळलीसुद्धा होती. तरी काढताना ती सुटली, आणि त्या दोन सपाट पायऱ्यांतच तर धड्याचा गाभा आहे. पुस्तक रोज हाताशी असते तर तिने तेच पान पुन्हा पाहिले असते, ते पुन्हा कळले असते आणि चूक तिच्या लक्षातच आली नसती.

बुधवारी उदाहरण होते: शून्य अंशाच्या १० ग्रॅम बर्फाचे २० अंशाचे पाणी करायला किती उष्णता लागेल? तिने १० ला २० ने गुणले आणि २०० कॅलरी लिहिल्या. काहीतरी राहिले आहे असे तिला वाटत होते, पण काय ते आठवेना. मग तिने मंगळवारचा लाल पेनाने दुरुस्त केलेला आलेख काढला. शून्यावरची सपाट पायरी म्हणजे आधी बर्फ वितळायला हवा. १० ग्रॅमला ८० प्रमाणे ८०० कॅलरी, आणि त्यानंतर तापवायला २००. एकूण १००० कॅलरी. नऊ पन्नासला पुस्तकातल्या तशाच सोडवलेल्या उदाहरणाशी पद्धत ताडली आणि ती जुळली. हाच धागा पुढच्या प्रश्नापर्यंत जातो. शंभर अंशाच्या पाण्यापेक्षा शंभर अंशाच्या वाफेने जास्त भाजते ते का, याचे उत्तर वरच्या सपाट पायरीत दडलेल्या ५४० कॅलरींत आहे, हे गुरुवारी पुढचे पान उघडण्याआधीच तिला सांगता आले.

पुस्तक दूर असण्याचा असा फायदा का व्हावा? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरे स्वतः पाठ करायची आणि ठरावीक वेळाने किती उरली हे मोजायचे, अशी त्याची रीत होती. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो हे त्याने दाखवले, आणि पाठांतर एका बैठकीत न करता अंतराने केले तर कमी श्रमात टिकते हेही. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने तोच उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने न बघता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारा गट पुढे होता. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटे झाले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा म्हणजे येणारा असा गैरसमज होतो. दादाचे गेल्या वर्षी नेमके हेच झाले होते.

म्हणून या योजनेत सर्वांत जड गेले तेही दादालाच. पहिल्या आठवणीच्या दिवशी त्याच्या कागदावर चार मथळे आले आणि त्यांच्याखाली काही नाही. मथळे येणे आणि त्यांखालचा मजकूर न येणे ही नुसत्या वाचनावर भिस्त ठेवल्याची ठळक खूण आहे. पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलाला हा अनुभव अपमानासारखा वाटू शकतो, विशेषतः धाकट्या बहिणी शेजारी बसून पान भरत असताना. यावर नियम असा केला की आठवणीचा कागद दुसऱ्याने वाचायचा नाही. ज्याचा त्यानेच ताडायचा. हा नियम बारीकसा वाटतो, पण तो नसेल तर ज्याला सर्वांत गरज आहे तोच भावंड आधी गळतो.

फेरी कागदावर जितकी नीट दिसते तितकी घरात चालत नाही, आणि बहुतेक वेळा तिच्या आड घरकाम येते. जेवणानंतरची भांडी दोघी बहिणींच्या वाट्याला होती. नऊला बसायचे ठरले तरी त्या सव्वानऊला यायच्या, आणि वाचणारी त्यांच्यापैकी असली की तिच्या चाळीस मिनिटांतली पंधरा मिनिटे मोरीतच जायची. दादाची मात्र पुरी भरायची. समान दिसणाऱ्या वाटणीत मुलीचा वाटा असा गुपचूप घटतो. यावर या घराने काढलेला तोडगा नकलण्याजोगा आहे: ज्याचा वाचनाचा दिवस त्याला भांड्यांतून सुटी, आणि ती भांडी त्या दिवशी सोडवण्याचे काम असलेल्याने आठवण्याचे काम असलेल्याच्या सोबतीने घासायची. म्हणजे दादाचीही भांड्यांची पाळी आली. काकूंना पहिल्या दिवशी ते खटकले, आठवड्याने खटकेनासे झाले.

यामागे कामांचा एक फरकही आहे. वाचनाला सलग वेळ आणि पुस्तक दोन्ही लागते, त्यामुळे ते हलवता येत नाही. उदाहरणे सोडवायला बैठक लागते. आठवणे मात्र सुटे आहे. भाकरी थापताना किंवा नळाला पाणी भरताना मनातल्या मनात प्रश्नांची उत्तरे जुळवता येतात आणि मग बसून दहा-पंधरा मिनिटांत ती कागदावर उतरवता येतात. घरकामाचा दिवस टळत नसेल तर तो आठवणीच्या दिवशी यावा, वाचनाच्या दिवशी नको.

शाळेचा प्रश्न वेगळा. दोघी एका तुकडीत असत्या तर एका बाकावर पुस्तक मध्ये ठेवून भागले असते. इथे 'अ' आणि 'ब' तुकड्यांचे विज्ञानाचे तास वेगळे. वेळापत्रक समोर ठेवून पाहिले तर आठवड्यात बहुतेक दिवस एकीचा तास मधल्या सुट्टीआधी आणि दुसरीचा नंतर होता. त्या दिवशी पुस्तक सुट्टीत हातोहात जायचे. एक दिवस मात्र दोन्ही तास एकाच वेळी येत. त्या दिवशी एकीने शेजारणीच्या पुस्तकात पाहायचे, आणि कोणी पाहायचे हे आठवड्याआड बदलायचे. हे आधी ठरवलेले नसेल तर रोज सकाळी दाराशी ओढाताण होते आणि पुस्तक फाटते.

पुस्तक फाटू नये यासाठी लागणारी काळजी तिघांच्या वापरात तिप्पट लागते. जूनमध्येच खाकी कागदाचे वेष्टण घालावे, आणि बांधणी सैल असेल तर दाभणाने दोऱ्याचे दोन-तीन टाके कण्याजवळून घालून घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुस्तकात उत्तरे लिहायची नाहीत. रिकाम्या जागा भरलेले, जोड्या लावलेले पुस्तक पुढच्या वाचणाऱ्याचा प्रश्न हिरावून घेते. अधोरेखनाचेही तसेच. एकाने पेनाने ओढलेल्या रेघा दुसऱ्याचे डोळे त्याच ओळींवर ओढतात आणि मधला मजकूर वाचलाच जात नाही. खूण करायचीच तर पेन्सिलीने, समासात आणि फक्त प्रश्नचिन्हाची: हे कळले नाही, एवढ्याच अर्थाची. रविवारी नेमकी तीच प्रश्नचिन्हे कामी येतात.

रविवारी कोणीच वाचायचे नाही. पुस्तक मध्ये ठेवायचे आणि आठवड्यात समासात पडलेली प्रश्नचिन्हे तिघांनी मिळून सोडवायची. जे तिघांनाही सुटत नाही ते सोमवारी शिक्षकांना विचारायचे. उरलेल्या वेळात मागच्या धड्याचे प्रश्न एकमेकांना तोंडी विचारायचे, आणि दर दुसऱ्या रविवारी महिन्यापूर्वीच्या धड्याचे. ही शेवटची गोष्ट सुटली तर सगळी योजना अपुरी पडते. तीन दिवसांचे अंतर धडा मुळात पक्का व्हायला पुरते. पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि जुलैत वाचलेला धडा केवळ जुलैतल्या तीन फेऱ्यांवर तोवर टिकत नाही. जितक्या लांबच्या परीक्षेसाठी लक्षात ठेवायचे, तितके उजळणीतले अंतरही वाढत गेले पाहिजे, हे स्मरणावरच्या नंतरच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. आधी तीन दिवस, मग आठवडा, मग महिना असे ते वाढवावे. त्यासाठी पुस्तक लागत नाही, आधी केलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुरतात. वर्षभराच्या चिठ्ठ्या एका जुन्या वहीत चिकटवून ठेवल्या तर दिवाळीनंतर तीच वही अभ्यासाचे मुख्य साधन होते.

वेग कसा राहतो? विज्ञान भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षणापासून अवकाश मोहिमांपर्यंत दहा धडे आहेत. 'गुरुत्वाकर्षण', 'विद्युतधारेचे परिणाम', 'कार्बनी संयुगे' अशा भरगच्च धड्यांना दोन आठवडे लागतात, 'अवकाश मोहिमा' एका आठवड्यात होतो. जूनच्या मध्यावर सुरुवात केली तर सरासरी दीड आठवड्याच्या हिशेबाने सप्टेंबरअखेर भाग संपतो. भाग २ साठी पहाटेचा तास घ्यावा किंवा आठवडे आलटून-पालटून वाटावेत. तिघांनी एकाच धड्यावर असणे मात्र आवश्यक आहे. दादाला वाटले की त्याने 'प्रकाशाचे अपवर्तन' गेल्या वर्षी नीट केले आहे, म्हणून तो पुढे जाईल. तसे झाले तर फेरी चालू राहते, पण रविवार मोडतो, कारण विचारायला आणि सांगायला समान विषयच राहत नाही.

आजारपण, पाहुणे, दुकानातला हिशेबाचा दिवस यांमुळे फेरी चुकणारच. चुकलेले वाचन दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून काढायला गेले की सगळ्यांची घडी विस्कटते. त्यामुळे चुकलेल्याला दुसऱ्या दिवशी फक्त दहा मिनिटे जास्त द्यावीत आणि पुढच्या फेरीत सामील करून घ्यावे. एकाच भावंडाच्या लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या तर मात्र वेळच बदलायला हवी, मग तो कितीही आश्वासने देवो.

ही पद्धत सगळ्या विषयांना सारखी लागू होत नाही. विज्ञान आणि इतिहासाला ती उत्तम बसते. गणितात वाचन कमी आणि सराव जास्त, त्यामुळे तिथे पुस्तक फिरवण्याऐवजी सरावसंचांतली उदाहरणे तिघांनी वाटून उतरवून घेणे पुरते, आणि मागची उत्तरसूची दुसऱ्याच्या ताब्यात राहिली तर जास्तच बरे. भाषेच्या पुस्तकात मजकूर स्वतःच अभ्यासाचा विषय असतो. शब्दयोजना, ओळीची रचना, उताऱ्यावरचे प्रश्न यांसाठी पुस्तक समोरच हवे, आणि तिथे आठवून लिहिण्याने फारसे साधत नाही. मराठीचे आणि इंग्रजीचे पुस्तक शक्यतो प्रत्येकाचे वेगळे असावे. पैशांची निवड करायचीच असेल तर दुसरी प्रत आधी भाषेची घ्यावी, विज्ञानाची नव्हे.

बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात, तेव्हा एका पुस्तकाचा प्रश्नच कुठे उरला, असे कोणी म्हणेल. फोन बहुधा वडिलांबरोबर कामावर असतो, तो रात्री येतो तेव्हा तिघांचीही नजर त्याच्यावर असते, आणि लहान पडद्यावर आवर्तसारणी पाहणे जिकिरीचे जाते. तरी त्याचा एक चांगला उपयोग आहे: ताडणीच्या दहा मिनिटांसाठी. दोघांची ताडणी फोनवर झाली तर वाचणाऱ्याला पूर्ण तास मिळतो. परीक्षेआधी कठीण धड्याची पाने छापून घेण्यालाही ही पीडीएफ उपयोगी पडते.

परीक्षा जवळ आली की फेरी तुटते, आणि ती तुटू द्यावी. विज्ञान भाग १ च्या पेपरच्या आदल्या दिवशी तिघांनाही तेच पुस्तक हवे असते. अशा वेळी काही मुले पुस्तक कण्यापासून उसवून धड्याधड्याचे गठ्ठे करतात, म्हणजे तिघांना एकाच वेळी तीन धडे वाचता येतात. याने काम होते. पण सुटी पाने हरवतात आणि पुस्तक पुढे कोणाच्या उपयोगाचे राहत नाही. वर्षभर चिठ्ठ्यांची वही नीट राखली असेल तर उसवण्याची गरज पडत नाही. आदल्या दिवशी तिघे आपापल्या वहीतून प्रश्न सोडवतात, अडेल तिथे पुस्तकाला हाक मारतात, आणि पुस्तक दिवसभर शब्दकोशासारखे मध्ये पडून राहते. मुलीने हेच केले. तिने त्या दिवशी पुस्तक बारा-तेरा वेळा उघडले, दर वेळी एकाच ओळीसाठी.

पेपर झाल्यावर पुस्तक लगेच रद्दीत किंवा विक्रीला देऊ नये. घरात कोणाचा एखादा विषय राहिला तर निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते आणि त्याला ते पुन्हा लागते. निकाल लागून ती शक्यता संपली की समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून पुस्तक मोकळे करावे. दहावीची सध्याची विज्ञानाची पुस्तके २०१८ साली आली. पुस्तक देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आवृत्तीचे पान पाहून अभ्यासक्रम तोच आहे ना याची खात्री करावी, कारण अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत निरुपयोगी ठरते. ज्यांच्या घरी गेल्या वर्षीचा दहावीचा संच पडून असेल त्यांनी तो जून उजाडण्याआधी जवळच्या माध्यमिक शाळेत नेऊन द्यावा, आणि देताना वर्गशिक्षकांना एकाच घरातून दोघे-तिघे दहावीला कोण आहेत एवढे विचारावे.